मुलाखतीच्या आदल्या रात्री बायकोशी काय बोलावं

बायकोची यूपीएससीची मुलाखत अकरा दिवसांवर आलीय. ती दिल्लीत खोलीवर, मी पुण्यात नोकरीला. मागच्या वर्षी मुलाखतीपर्यंत जाऊन यादीत नाव आलं नव्हतं. यंदाही मुलाखत मराठीतूनच देणार आहे. ती अमरावतीकडची, माहेरी वऱ्हाडी बोलतात. मी रोज फोनवर धीर देतो, पण "टेन्शन घेऊ नकोस, तुझं होणारच" म्हटलं की ती चिडते नाहीतर गप्प होते. नेमकं काय बोलायचं, कधी, आणि किती?

*

ती चिडते याचा अर्थ तुमचं प्रेम कमी पडतंय असा नाही. धीर दिला जातोय हे तिला दिसतंय, आणि अडचण तिथेच आहे.

मानसशास्त्रज्ञ नायल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अगदी तुमच्यासारख्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोघांपैकी एकजण न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेला बसणार आणि परीक्षेआधीचे दिवस दोघांनीही रोज वेगवेगळी टाचणं लिहायची, अशी त्याची रचना होती. जोडीदाराने आज मला आधार दिला अशी नोंद परीक्षार्थीने ज्या दिवशी केली, त्यानंतर त्याचं मन हलकं होण्याऐवजी उलट जडच झालेलं आढळलं. सगळ्यांत बरं चाललं ते जोडीदाराने आपण आधार दिल्याचं लिहिलं, पण परीक्षार्थीच्या ते लक्षातही आलं नाही, अशा वेळी. उघड धीर देताना आपण नकळत सांगत असतो की तू मला डळमळीत दिसतेयस. आधीच डळमळलेल्या माणसाला एवढंच वाक्य ऐकू येतं.

म्हणून या अकरा दिवसांत तुमचा बहुतेक आधार न बोलता द्या. तिच्या आईचा, तुमच्या आईचा, मावशीचा, शेजारच्या काकांचा, सगळ्यांचे फोन तुमच्याकडे वळवा. "तिला आत्ता फोन नको, काही असलं तर मी कळवतो" हे प्रत्येकाला तुम्ही सांगायचं, आणि सांगितलं हे तिला कळवायचं नाही. प्रवासखर्चाच्या परताव्याचा अर्ज भरून ठेवणं, मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांच्या प्रती अर्जातल्या क्रमाने लावायला यादी करून देणं, मुलाखतीच्या सकाळची गाडी आदल्या दिवशी ठरवणं, हीही तुमचीच कामं. यातलं एखादं तिच्या लक्षात आलं तर "झालं ते" एवढंच म्हणा. "बघ, तुझ्यासाठी किती करतोय" हा सूर डोकावला की केलेलं पाण्यात.

आता शब्दांकडे येऊ.

"टेन्शन घेऊ नकोस" हा आज्ञार्थी नकार आहे. टेन्शन ती घेत नाहीये, ते येतंय. घेऊ नकोस म्हटलं की ते तिने हौसेने उचललंय आणि खाली ठेवणंही तिच्याच हातात आहे असा अर्थ निघतो. "घाबरू नकोस", "रडू नकोस", "जास्त विचार करू नकोस" यांचंही तेच. मग ती घाबरते, आणि वर घाबरल्याबद्दल तुमची गुन्हेगारही ठरते.

"तुझं होणारच" मधला तो च बघा. मराठीत हे एक अक्षर फार ओझं वाहतं. "तू करशील" हा विश्वास झाला, "तू करशीलच" ही अपेक्षा झाली, आणि "तुझं होणारच" हे तुम्ही तिच्या नावावर काढलेलं कर्ज झालं. मुलाखत २७५ गुणांची, लेखी परीक्षा १७५० ची, यादी एकूण २०२५ गुणांवर लागते, आणि समोर बसणारं मंडळ कोणतं हे त्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं. हे सगळं ती तुमच्यापेक्षा चांगलं जाणते. आपलं माणूस न कळत्या गोष्टीची हमी देऊ लागलं की त्याच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. मागच्या वर्षीही तुम्ही "होणारच" म्हणाला असाल, तर यंदा ते वाक्य तिला त्या निकालाच्या दिवशी नेऊन सोडतं.

"तू हुशार आहेस" हेही जपून. हुशारीची स्तुती ऐकलेल्या मुलांना पहिलं अपयश येताच ती लवकर प्रयत्न सोडतात, तर कष्टांची स्तुती ऐकलेली टिकून राहतात, हे क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली शाळकरी मुलांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. तुमची बायको शाळकरी मूल नाही. पण "हुशार" या शब्दाला मुलाखतीत एक प्रश्न चुकला तरी तडा जातो, हे तिलाही लागू आहे.

मग काय बोलायचं? सोपी खूण अशी, की भविष्यकाळ सोडायचा आणि भूतकाळात यायचं. तुम्ही स्वतः पाहिलेलं, घडून गेलेलं आणि तिला नाकारता न येणारं एखादं काम नेमकं सांगायचं. "मेळघाटच्या कुपोषणावर परवाच्या सराव मुलाखतीत अडखळलीस, थांबलीस, आणि पुढच्या दोन वाक्यांत सावरलंस. ते थांबणं मला आवडलं." या वाक्यात हमी नाही, विशेषण नाही, च नाही. घडलेली गोष्ट आहे आणि शेवटी तुमची आवड. अशी चार-पाच वाक्यं आजच कागदावर उतरवून ठेवा. ऐनवेळी आठवत नाहीत, आणि मग जिभेवर "होणारच" येतं. एका फोनमध्ये एकच वापरायचं. दोन वापरली की भाषण होतं.

धडधडीबद्दलही थोडं. "शांत हो" म्हणून कुणी शांत होत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणं, भाषण किंवा गणितं यांच्या आधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण समजायला सोपं आहे. छाती धडधडत असताना शांततेपर्यंतचा रस्ता लांबचा असतो, आणि हुरूपातही छाती धडधडतेच. पण यातलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं मराठीत आणू नका, "तू एक्साईट हो" म्हटलंत तर ती हसेल, तेही चुकीच्या कारणाने. "होऊ दे धडधड. अंग तयार होतंय तुझं," हे मराठीत बसतं. "होऊ दे" या दोन शब्दांत परवानगी आहे. "नकोस" च्या जागी "होऊ दे" एवढा एक बदल केलात तरी आठवड्याभरात फोनवरचा सूर बदललेला कळेल.

तिची स्वतःची भाषा हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यांत नाजूक भाग. पहिली भाषा खोल पोचते, आणि हे नुसतं हळवेपणाने म्हटलेलं नाही. कॅथरीन हॅरिस यांनी सहकाऱ्यांसह २००३ साली तुर्की आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा लहानपणी ऐकलेल्या रागावण्याच्या वाक्यांना त्यांच्या त्वचेचा, म्हणजे भावनेने बारीक घाम सुटण्याचा, प्रतिसाद तुर्कीत, त्यांच्या पहिल्या भाषेत, जास्त तीव्र आला. नीट बघा, हा निष्कर्ष रागावण्याबद्दल आहे. म्हणजे मातृभाषेत माया खोल जाते तसा टोमणाही खोल जातो. "ऑल द बेस्ट" वरवर राहतं, म्हणून ते फारसं लागतही नाही. "नीट कर हं या वेळी" मात्र थेट आत उतरतं, आणि "या वेळी" हे दोन शब्द रात्रभर टोचतात.

मग तुम्ही वऱ्हाडीत बोलावं का? तुम्ही पुण्याचे असाल आणि एरवी घरात वऱ्हाडी बोलत नसाल, तर मुलाखतीच्या तोंडावर सुरुवात करू नका. "काऊन घाबरून रायली वं" हे तिच्या आईच्या तोंडी मायेचं असतं, तुमच्या तोंडी ते नक्कल वाटायचा धोका आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्यांनी पुण्या-मुंबईत आपल्या बोलीवरचं हसू पुष्कळ ऐकलेलं असतं, आणि ती तर याच मराठीच्या बळावर मंडळासमोर बसणार आहे. पण तिचा एखादा शब्द तुमच्या संसारात आधीच रुजला असेल, लाडाचं नाव असेल, "लय भारी" असेल, तर तो जरूर वापरा. तो आता तुमच्या दोघांचा झालाय. उलट ती फोनवर वऱ्हाडीत उतरली की तिला प्रमाण मराठीत परत आणू नका. तुम्ही तुमचं बोला, तिला तिचं बोलू द्या. ती बोलीत उतरली म्हणजे सैल झाली, ही तुमच्यासाठी चांगली खूण. "तिथे असं बोलू नकोस बरं का" हे मनातसुद्धा आणू नका. तिथे कसं बोलायचं हे तिला कळतं, शिवाय तिच्या मराठीसाठी दुभाष्याची सोय असते.

तिच्या आईच्या आवाजाची गरज आहे असं वाटलं, तर आधी आईंशी तुम्ही बोला. "मुलाखतीचा विषय काढू नका, घरी आज काय झालं ते सांगा" एवढं सांगून एकदाच फोन करायला लावा. कापसाला काय भाव मिळाला, संत्र्याचा बहार कसा आहे, कुणाच्या घरी लग्न निघालं. अमरावतीच्या मुलीला दिल्लीतल्या खोलीत हे ऐकलं की पाय जमिनीला टेकतात. या गप्पांतलं एखादं वाक्य मंडळासमोर उपयोगीही पडेल, पण ते तिला सुचू द्या, तुम्ही सुचवू नका.

"नाही झालं तरी काही बिघडत नाही" हे वाक्य चांगलं आहे आणि धोक्याचंही, फरक वेळेचा आहे. आदल्या रात्री म्हटलंत तर तुम्ही निकाल धरून चाललाय असं वाटतं. आज, अकरा दिवस आधी, एकदाच आणि तपशिलासह म्हटलंत तर त्याचा आधार होतो. नुसतं "काही बिघडत नाही" हे खोटंही वाटतं, कारण बिघडतं. वर्ष जातं, पैसे जातात. म्हणून असं बोला: "यादीत नाव नसलं तर पूर्वपरीक्षेचा निर्णय आपण निकालानंतर पंधरा दिवसांनी घेऊ. तोवर खोलीचं भाडं आहे, मी बघितलंय. हे एकदाच सांगतोय, आता पुन्हा काढणार नाही." आणि खरंच काढू नका. ती विचारेल तेव्हाच "ठरलंय ना आपलं" म्हणा. सगळी भीती एका मोठ्या काळ्या ढगासारखी असते. तिच्यातला पैशाचा आणि पुढच्या महिन्याचा भाग वेगळा काढून दिला की उरलेली मुलाखतीपुरती राहते.

आता एक फोन घेऊन बघू. आठवडा उरलाय, रात्रीचे साडेनऊ, ती म्हणते, "मले काहीच आठवून नाही रायलं. सगळं कोरं झालं."

नेहमीचं उत्तर, "असं काही नाही, तुला सगळं येतं," म्हणजे तिचं म्हणणं खोडून काढणं. ती ते सिद्ध करायला लागेल, आणि पाच मिनिटांत तुम्ही दोघं तिला किती येत नाही यावर वाद घालत असाल. त्याऐवजी तीन सेकंद थांबा. फोनवर तीन सेकंद फार लांब वाटतात, तरी थांबा. मग हळू आवाजात म्हणा, "हं. कधीपासून?"

ती म्हणेल, दुपारपासून. काय वाचत होतीस? आपल्या अर्जातला छंद, त्यावर काय विचारतील ते. "किती वेळ बसली होतीस?" सकाळपासून. "जेवलीस का?" नाही.

उत्तर सापडलं. कोऱ्या डोक्याचं निम्मं कारण रिकामं पोट आणि सलग बसणं आहे. पण "बघ, म्हणून होतं असं" म्हणायचा मोह आवरा. "आधी जेवून ये. मी अर्ध्या तासाने करतो" एवढंच बोला आणि बरोबर अर्ध्या तासाने फोन करा. पस्तिसाव्या मिनिटाला नाही. अशा दिवसांत शब्दाला जागणं हाच बोलण्याचा वजनदार भाग असतो. दुसऱ्या फोनवर तिच्या विषयातलं काही विचारू नका, "मग आठवलं का?" तर नाहीच. कागदावरच्या पाच वाक्यांतलं एक म्हणा, घरच्या कुंडीतल्या जास्वंदीला कळी आलीय ते सांगा, आणि फोन तुम्ही ठेवा. दोन्ही मिळून दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. लांबलेल्या फोनमध्ये तीच भीती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलली जाते आणि दर वेळी थोडी पक्की होते.

तुमचा वेगही महत्त्वाचा. घाबरलेलं माणूस भरभर बोलतं आणि ऐकणारा नकळत त्याच्या वेगाला जुळवून घेतो. तसं व्हायला लागलं की दोघं मिळून धावता. तुम्ही तुमचा वेग सोडू नका, वाक्यं छोटी ठेवा. ती रडली तर रडू द्या, "मी आहे इथे" म्हणा आणि गप्प बसा. एरवीचं "मी आहे ना" हेही चांगलं, पण त्यातल्या "ना" मध्ये किंचित समजूत घालण्याचा सूर असतो, आणि रडणाऱ्या माणसाला त्या क्षणी समजूत नको असते.

आदल्या रात्री नवीन काही नाही. सकाळची वेळ आणि गाडी एकदा पक्की करा. आयोगाचं कार्यालय शाहजहान रोडवर धौलपूर हाऊसमध्ये आहे. हजेरीचं सत्र सकाळी नऊला किंवा दुपारी एकला असतं, तिच्या पत्रावर जे असेल ते. झोप येत नाही म्हणाली तर "पडून राहा नुसती, तेवढंही पुरतं" म्हणा. "झोप, नाहीतर उद्या..." म्हटलंत की झोप हीसुद्धा एक परीक्षा होते.

मग वीसेक सेकंदांचा आवाजी संदेश पाठवा. लिहिलेल्या मजकुरापेक्षा आवाज बरा, कारण तो तिला हवा तेव्हा, हवा तितक्यांदा ऐकता येतो. दोन-तीनदा करून बघा आणि ज्यात तुमचा स्वतःचा घसा दाटलेला नसेल तो पाठवा. मजकूर असा चालेल: "अगं, मी बोलतोय. कपाट आवरलं आज. तू चार वर्षांत केलेल्या टिपणांच्या वह्या रचून ठेवल्यात, माझ्या गुडघ्याच्या वर गेल्या. उद्या तुला ठाऊक असेल ते सांग, नसेल ते ठाऊक नाही म्हण. जाऊन ये." वह्यांची उंची खरी मोजा. बनवलेली गोष्ट तिला लगेच कळेल.

"जाऊन ये" हा शेवट मुद्दाम आहे. आपल्याकडे निघणारा "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि निरोप देणारा नुसतं "जा" म्हणत नाही. तळहातावर दही-साखर ठेवताना घरोघरी हेच म्हटलं जातं. या दोन शब्दांत परत येणं धरलेलं आहे, निकाल धरलेला नाही. यशाच्या शुभेच्छा द्यायला सबंध जग आहे. परत येण्याचं घर तुम्ही आहात.

सकाळी तिचा फोन आला तर घ्या, नाही आला तर करू नका. आत मोबाईल नेता येत नाही आणि मंडळासमोर बोलावणं येईपर्यंत थांबणं बरंच लांबू शकतं, त्यामुळे जे सोबत न्यायचं ते तिच्या डोक्यात मावेल एवढंच असावं. आदल्या रात्रीचं वाक्य तेवढं आहे.

शब्दांची मर्यादाही ओळखा. सलग चार-पाच रात्री झोप नाही, जेवण उलटतंय, श्वास कोंडून हातपाय बधिर होतायत, किंवा "आता जगून काय करायचं" अशा अर्थाचं एकदाही बोलली, तर तिथे धीराची वाक्यं पुरी पडत नाहीत. तिच्या खोलीवर किंवा जवळ राहणाऱ्या मैत्रिणीला लगेच तिच्यासोबत थांबायला सांगा, डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जवळ असणं गरजेचं वाटलं तर मुलाखतीची वाट न बघता स्वतः दिल्लीला निघा.

मुलाखत झाल्यावर ती बाहेर येऊन फोन सुरू करेल. "कशी झाली?" हा प्रश्न सगळे विचारणार आहेत, तुम्ही विचारू नका. "आलीस बाहेर? काही खाल्लंस का?" एवढं विचारा. ती आपणहून सांगू लागली की अर्धा तास नुसतं हं-हं करा. एखादं उत्तर चुकलं म्हणाली तर बरोबर उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका, आणि "तेवढ्याने काय होतंय" असंही नको. आपणहून काही सांगितलं नाही, तर परतीच्या गाडीला डब्यात काय भरून घेतेस ते विचारा.